पावसात भिजलेली क्राफ्ट रिळे: विमा कंपनीला दाव्याचे पत्र आणि सोबतची कागदपत्रे

कुंडई_कार्टन

नमस्कार मंडळी. कुंडई औद्योगिक वसाहतीत आमचा कोरुगेटेड खोक्यांचा लहान कारखाना आहे. वापीच्या एका गिरणीतून १० जुलैला निघालेला क्राफ्ट कागदाचा ट्रक दरडीमुळे वाटेत अडकला आणि पत्रादेवीमार्गे १४ जुलैच्या सकाळी आमच्याकडे पोचला. एकूण २० रिळे, वजन १२,००० किलो, सगळी उभी रचलेली होती. फाळका उघडला तेव्हा ताडपत्रीच्या मधोमध पाण्याची पखाल लोंबत होती, दोरीच्या कडीजवळ ती हातभर फाटली होती आणि तिच्या खालच्या रिळांचे बाहेरचे थर फुगून लाटा आल्यासारखे झाले होते. फाळक्याजवळच्या चार रिळांचे वरचे तोंड मात्र कोरडे होते, पण बुडाशी चार बोटे रुंदीचा गडद पट्टा चढलेला होता. एकंदर ७ रिळे ओली निघाली.

चालकासमोरच एलआरच्या, म्हणजे ट्रान्सपोर्टरच्या मालपावतीच्या, पोचप्रतीवर "७ रिळे पावसाच्या पाण्याने ओली, ताडपत्री फाटलेली, ट्रकच्या तळावर पाणी साचलेले" असा शेरा रिळांच्या क्रमांकांसह लिहिला आणि त्याची सही घेतली. माल उतरवण्याआधी फोटो काढले, विमा कंपनीला त्याच दिवशी ईमेल केला आणि दुसऱ्या दिवशी सर्व्हेअर येऊन गेले. आमची ओपन पॉलिसी आहे, म्हणजे येणाऱ्या सगळ्या खेपांसाठी एकच, आणि तीत अंतर्देशीय वाहतुकीचे 'ए' कलम लागू आहे. आता रीतसर दाव्याचे पत्र द्यायचे आहे. त्यात काय लिहावे, कोणती कागदपत्रे जोडावीत आणि रक्कम कशी मांडावी, हे जाणकारांनी सांगावे.

घाटवाट

माझ्या मते तुम्ही माल उतरवूनच घ्यायला नको होता. ओला माल नाकारला की तो ट्रान्सपोर्टरच्या गळ्यात पडतो. दुसरे म्हणजे ट्रक दरडीमुळे अडकला होता, आणि उशिरामुळे झालेले नुकसान कोणतीही माल-विमा पॉलिसी देत नाही. पत्रात दरडीचा उल्लेख केलात तर दावा तिथेच संपेल, म्हणून तो शब्द टाळावा.

मुरगाव_सर्व्हे

मी बरीच वर्षे माल-नुकसानीचे सर्वेक्षण केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. घाटवाट यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. उशीर हे नुकसानीचे कारण असेल तर विमा मिळत नाही. दरडीत चार दिवस अडकल्याने भाजी कुजली तर तो उशीर. इथे मात्र कागद उशिराने खराब झालेला नाही, फाटलेल्या ताडपत्रीतून आलेल्या पाण्याने झाला आहे. ट्रक वेळेत निघाला असता तरी त्याच पावसात तीच ताडपत्री गळली असती. त्यामुळे दरड लपवण्याचे काही कारण नाही, उलट ती लपवली आणि ई-वे बिलाच्या मुदतवाढीवरून सर्व्हेअरला कळली तर बाकीच्या पत्रावरचा विश्वासही उडतो. दरडीचा उल्लेख एका वाक्यात करा आणि लगेच पुढच्या वाक्यात पाणी कुठून आले ते लिहा.

माल नाकारायला हवा होता, हे मात्र मला मान्य नाही. विमा असला तरी नुकसान वाढू न देण्याची जबाबदारी विमेदारावर असते. ओली रिळे पावसात ट्रकवरच राहिली असती तर सातची पंधरा झाली असती आणि त्या वाढीव आठांचे पैसे कोणी दिले नसते. शेरा मारून, सही घेऊन माल ताब्यात घेणे आणि सुका-ओला वेगळा करणे, हेच योग्य होते.

आता पत्राकडे वळू या. 'ए' कलमाखाली सर्वसाधारणपणे सगळ्या आकस्मिक जोखमी येतात. 'बी' मध्ये आग, वीज, पूल कोसळणे, वाहनाची टक्कर किंवा ते उलटणे एवढेच येते, तेव्हा पावसाच्या पाण्याचे पैसे त्यात मिळाले नसते. म्हणून पत्राच्या पहिल्याच परिच्छेदात पॉलिसी क्रमांकासोबत कलमाचे नाव लिहा. त्यानंतर पॉलिसीची पाने उलटून ताडपत्रीबद्दल वेगळी अट आहे का ते पाहा. "वाहन सुस्थितीतील ताडपत्रीने झाकलेले असावे" अशी अट पुष्कळ ओपन पॉलिसींमध्ये घातलेली असते, आणि ती असेल तर तुमचा सगळ्यात महत्त्वाचा कागद पावती किंवा बिल नसून गिरणीच्या फाटकावर ट्रक निघताना काढलेला फोटो ठरेल.

कुंडई_कार्टन

ताई, अट आहे. आताच पॉलिसी काढून पाहिली. गिरणीला फोन केला तेव्हा कळले की त्यांच्या सुरक्षा चौकीवर प्रत्येक ट्रकचा मागून आणि वरून फोटो काढतात. १० जुलैच्या संध्याकाळचा तो फोटो त्यांनी पाठवला आहे. ताडपत्री अखंड दिसते, दोऱ्या ताणलेल्या आहेत आणि ट्रकचा क्रमांकही वाचता येतो.

मुरगाव_सर्व्हे

मग तुमच्या दाव्याचा कणा मिळाला. निघताना अखंड, पोचताना फाटलेली, म्हणजे फाटली ती वाटेत. अट तुमच्या बाजूने पाळली गेली आणि पाणी विम्याच्या मुदतीतच आत शिरले, हे दोन्ही त्या एका फोटोने दिसते. तो गिरणीकडून ईमेलने मागवा आणि तारखेसह मूळ फाइल जपून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या प्रतीत मूळ तपशील उरत नाही.

काजू_आयात_फोंडा

माझाही असाच अनुभव आहे, म्हणून लिहितो. आफ्रिकेतून कच्च्या काजूचा कंटेनर आला होता आणि दाराजवळच्या खालच्या थरातल्या गोणी ओल्या होत्या. सर्व्हेअरने गोणीच्या ओल्या भागावर सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले आणि ते दुधासारखे पांढरे झाले, तेव्हा समुद्राचे पाणी असल्याचे ठरले. मग बिल ऑफ लेडिंग म्हणजे जहाजाची मालपावती, कंटेनर बंदराबाहेर पडतानाची पावती, सीलचा क्रमांक आणि जहाज कंपनीला दिलेली नोटीस, एवढे सगळे जोडावे लागले. तुम्हीही ही चाचणी करून घ्यावी आणि जहाज कंपनीला नोटीस द्यावी. तीन दिवसांत द्यावी लागते, हे लक्षात ठेवा.

मुरगाव_सर्व्हे

काजूवाले बाब, तुमच्या प्रसंगात ती चाचणी अगदी योग्य होती, कारण तिथे प्रश्नच समुद्राचे पाणी की कंटेनरच्या छतावरून ठिबकलेला घाम, असा होता. इथे माल रस्त्याने आला आहे. जहाज नाही, बिल ऑफ लेडिंग नाही आणि तीन दिवसांची ती मुदतही नाही. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसल्याने ती चाचणी इथे काही दाखवणार नाही, एवढेच म्हणता येईल की पाणी समुद्राचे नव्हते.

पण तुमच्या सांगण्यातली एक गोष्ट इथेही लागू आहे. पाण्याची खूण पाणी कुठून आले ते सांगते. कुंडईकरांनी पहिल्याच टिपणात दोन वेगळ्या खुणा लिहिल्या आहेत, वरून भिजलेली तीन रिळे आणि बुडातून भिजलेली चार. वरची ओल ताडपत्रीच्या भोकातली आहे. बुडाची ओल तळावर साचलेल्या पाण्याची आहे, जे उभ्या रिळाने शोषून वर ओढले. दोन्हींचे मूळ एकच असले तरी पत्रात ती वेगळी मांडा, कारण त्यांचे नुकसानही वेगळ्या प्रकारचे आहे.

वाहतूक_कायदा

ट्रान्सपोर्टरविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून सांगतो. विमा कंपनीला पत्र देणे पुरेसे नाही. रस्ते मालवाहतूक कायदा, २००७ नुसार मालाच्या नुकसानीबद्दल वाहतूकदारावर दावा लावायचा असेल तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत त्याला लेखी नोटीस मिळालेली असावी लागते. तुमचे बुकिंग १० जुलैचे आहे, तेव्हा दिवस त्या तारखेपासून मोजायचे, माल पोचल्यापासून नाहीत. विमा कंपनीने पैसे दिले की ट्रान्सपोर्टरकडून ते वसूल करण्याचा तुमचा हक्क तिच्याकडे जातो. तुम्ही नोटीस न दिल्याने तो हक्क बुडाला, तर कंपनी तुमच्या दाव्यातून रक्कम कापू शकते किंवा दावा अडवू शकते.

घाटवाट

पण एलआरच्या मागे "माल मालकाच्या जोखमीवर" असे छापलेले असते. मग नोटीस देऊन काय उपयोग?

वाहतूक_कायदा

ते छापलेले असले तरी फाटक्या ताडपत्रीसारख्या निष्काळजीपणाची जबाबदारी त्याने टळत नाही. आणि ट्रान्सपोर्टर पैसे देईल की नाही, हा इथे प्रश्नच नाही. विमा कंपनीला हवा असतो तो नोटीस वेळेत गेल्याचा पुरावा. म्हणून स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह, रकमेचा आकडा लिहून नोटीस पाठवावी. नेमकी रक्कम ठरली नसेल तर अंदाजे लिहावी, पण आकडा असावा. "नुकसान झाले आहे, योग्य ती कारवाई करावी" एवढ्याच मजकुराच्या पत्राला दाव्याची नोटीस म्हणायला विमा कंपन्या कां-कूं करतात.

कुंडई_कार्टन

नोटीस १६ जुलैला स्पीड पोस्टाने पाठवली आहे, पोचपावती अजून यायची आहे. आता रकमेचा प्रश्न. ७ रिळांचे वजन ४,२०० किलो, गिरणीचा दर किलोला ३८ रुपये.

म्हापसा_ट्रेडर्स

मग सरळ १,५९,६०० रुपयांचा दावा करा. विमा कंपनी काही ना काही कापतेच, त्यामुळे सुरुवात वरूनच केलेली बरी. आम्ही नेहमी असेच करतो.

मुरगाव_सर्व्हे

हा सल्ला मी कोणालाही देणार नाही. सातही रिळांची पूर्ण किंमत मागायची तर सातही रिळे पूर्ण निकामी झाली, असे पत्रात सूचित होते. सर्व्हेअरने त्याच रिळांमधला सुका कागद डोळ्यांनी पाहिला आहे. पत्र आणि अहवाल यांच्यात एवढे अंतर पडले की प्रत्येक आकड्यावर प्रश्न येतो, आणि तीन आठवड्यांत मिटणारे काम तीन महिने चालते.

वरून भिजलेल्या रिळांचे बाहेरचे ओले थर सोलून काढता येतात आणि आतला कागद चांगला निघतो. तिथे नुकसान फक्त सोललेल्या कागदाचे. बुडातून भिजलेल्या रिळांचे तसे नसते. ओल प्रत्येक थराच्या खालच्या कडेला पोचलेली असते, त्यामुळे सोलून काही हाती लागत नाही. तो कागद तसाच मशीनवर चढवला तर सुकलेली कड आखडून लाटा पडतात आणि कागद तुटत राहतो. मात्र रीळ उलगडून, कापून पुन्हा गुंडाळणाऱ्या रिवाइंडर यंत्रावर खालची पट्टी कापून काढली तर उरलेल्या रुंदीचे रीळ वापरता येते. सर्व्हेअर नेमके हेच विचारणार: चारही रिळे भंगारात विकायची म्हणता, मग कड कापून का वापरत नाही? त्याचे उत्तर पत्रात आधीच असले पाहिजे.

म्हणून माझा आग्रह आहे की प्रत्येक रिळाचा थोडा भाग उघडून, बाहेर आणि कोअरजवळ, म्हणजे मधल्या पुठ्ठ्याच्या नळीजवळ, ओल किती उंचीवर चढली आहे ते फूटपट्टी ठेवून मोजा, फोटो काढा आणि ओलावामापकाचे आकडे लिहा. चांगल्या क्राफ्ट कागदात साधारण ७-८ टक्के ओलावा असतो, त्यामुळे फरक लगेच दिसतो. सर्व्हेअरना कळवल्याशिवाय मात्र काहीही कापू किंवा विकू नका.

कुंडई_कार्टन

ताई, सर्व्हेअरना फोन करून त्यांच्या परवानगीने आज मोजणी केली. रिळांची रुंदी ११० सेंटिमीटर आहे. दोन रिळांमध्ये ओल सगळीकडे १० सेंटिमीटरच्या आतच आहे. उरलेल्या दोन रिळांमध्ये बाहेरून १२ सेंटिमीटर दिसते, पण कोअरच्या पुठ्ठ्याने पाणी ओढल्यामुळे आत ती ३५ सेंटिमीटरपर्यंत गेली आहे आणि थर एकमेकांना चिकटले आहेत. आत एवढी ओल असेल याचा बाहेरून अंदाजही येत नव्हता. पहिल्या दोघांची ११ सेंटिमीटरची पट्टी कापून घेण्यासाठी रिवाइंडरवाल्याने ने-आणीसह ३,००० रुपये सांगितले आहेत. ९९ सेंटिमीटरच्या रुंदीत आमच्या काजूच्या खोक्यांचे माप बसते. चिकटलेल्या दोन रिळांसाठी तीन व्यापाऱ्यांचे दर मागवले, त्यांतला सर्वांत वरचा किलोला १७ रुपये आहे.

मुरगाव_सर्व्हे

उत्तम. आता आकडे आपोआप मांडले जातात. सोललेला कागद किती भरला?

कुंडई_कार्टन

वरून भिजलेल्या तीन रिळांचा मिळून २१० किलो. कापायच्या पट्ट्यांचे दहा टक्क्यांप्रमाणे १२० किलो होतील. या ३३० किलोंना रद्दीचा दर १४ रुपये मिळतो. भाडे संपूर्ण ट्रकचे ४२,००० रुपये, म्हणजे किलोला साडेतीन रुपये, आणि पॉलिसीत मूल्यांकन बिलाची किंमत अधिक भाडे असे आहे.

हिशेबनीस_मडगाव

जीएसटीबद्दल एक सूचना. कागदाच्या बिलावरचे इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीत भरलेल्या कराची वजावट, घेतले असेल तर दाव्याच्या रकमेत जीएसटी धरू नये, कारण तो तुमचा खर्च नव्हताच. मात्र माल पूर्ण नष्ट झाला किंवा हिशेबातून काढून टाकला तर त्याचे क्रेडिट परत करावे लागते, आणि तो बोजा खरा ठरतो. तुमचा खराब कागद रद्दी म्हणून का होईना, पण बिल करून, कर लावून विकला जाणार आहे, त्यामुळे माझ्या मते क्रेडिट परत करण्याचा प्रश्न येत नाही. तरी विक्रीची बिले नक्की करा, रोखीने रद्दीवाल्याला देऊ नका. साल्व्हेजची, म्हणजे खराब माल विकून येणारी, रक्कम त्या बिलांवरूनच ठरते.

म्हापसा_ट्रेडर्स

विचारायचे राहिले. ओपन पॉलिसीत मालाची नोंद कंपनीला आधी कळवावी लागते ना? ट्रक निघाला तेव्हा कळवले होते का? आमचा एक दावा याच कारणावरून अडकला आहे.

कुंडई_कार्टन

आमच्या पॉलिसीत दर सोमवारी आदल्या आठवड्याची घोषणा देण्याची पद्धत आहे. हे बिल १० जुलैचे असल्याने ते सोमवारी, १३ तारखेला दिलेल्या यादीत आहे, म्हणजे ट्रक वाटेत असताना आणि नुकसान कळण्याआधी.

मुरगाव_सर्व्हे

मग तुम्ही सुरक्षित आहात. म्हापश्याचे बाब, तुमच्यासाठी सांगते. सागरी विमा कायदा, १९६३ मध्ये अशी तरतूद आहे की सद्भावनेने राहून गेलेली किंवा चुकलेली घोषणा नुकसानीनंतरही दुरुस्त करता येते, पॉलिसीत वेगळे लिहिलेले नसेल तर. अडचण 'सद्भावनेने' या अटीची असते. ज्या ट्रकांचे नुकसान झाले नाही ते सगळे यादीत असतील आणि हा एकच राहिला असेल तर चूक मानली जाते. पण फक्त नुकसानीचेच ट्रक जाहीर होत आले असतील, तर त्या तरतुदीचा आधार मिळणे कठीण. तुमच्या घोषणांचे वर्षभराचे रजिस्टर काढून पाहा.

म्हापसा_ट्रेडर्स

आमच्या यादीत मध्येमध्ये बरेच ट्रक राहिलेले आहेत. कंपनी काय ठरवते ते पाहू.

कुंडई_कार्टन

सगळ्यांच्या सूचना धरून पत्र पुन्हा लिहिले आहे. नावे आणि क्रमांक काढून इथे देतो.

प्रति,
व्यवस्थापक, माल-विमा दावा विभाग,
(विमा कंपनी), पणजी शाखा

विषय: ओपन पॉलिसी क्रमांक (...) खाली क्राफ्ट कागदाच्या ७ रिळांच्या पाण्याने झालेल्या नुकसानीचा दावा. संदर्भ: आमची १४ जुलैची ईमेल सूचना आणि आपला दावा क्रमांक (...).

महोदय,

वरील पॉलिसीखाली, अंतर्देशीय वाहतुकीच्या 'ए' कलमानुसार विमित असलेली क्राफ्ट कागदाची २० रिळे, वजन १२,००० किलो, १० जुलै रोजी वापीहून एलआर क्रमांक (...) ने कुंडई येथे पाठवण्यात आली. या मालाची घोषणा १३ जुलैच्या साप्ताहिक यादीत केलेली आहे. निघताना ट्रक अखंड ताडपत्रीने झाकलेला होता. वाटेत दरड कोसळल्याने ट्रक थांबून राहिला व १४ जुलै रोजी सकाळी आमच्या कारखान्यात पोचला. त्या वेळी ताडपत्री दोरीच्या कडीजवळ फाटलेली आढळली, तीतून पावसाचे पाणी आत आले होते व ट्रकच्या तळावर साचले होते. त्यामुळे ३ रिळे वरून व ४ रिळे बुडातून भिजली. एलआरवर चालकाच्या सहीने तसा शेरा नोंदवून आम्ही माल ताब्यात घेतला, ओली रिळे लगेच वेगळी केली आणि नुकसान वाढू दिले नाही.

आपल्या सर्व्हेअरच्या संमतीने केलेल्या तपासणीनुसार वरून भिजलेल्या रिळांचे २१० किलो थर सोलून काढले असून उरलेला कागद वापरण्यायोग्य आहे. बुडातून भिजलेल्या ४ पैकी २ रिळांची ११ सेंटिमीटरची पट्टी कापून ती वापरात आणता येतात. त्यात १२० किलो घट येते. उरलेल्या २ रिळांमध्ये, वजन १,२०० किलो, ओल कोअरजवळ ३५ सेंटिमीटरपर्यंत चढून थर चिकटल्याने ती कापूनही वापरता येत नाहीत.

अशा रीतीने १,५३० किलो कागदाचे, बिलाचा दर ३८ रुपये व भाडे साडेतीन रुपये धरून, मूल्य ६३,४९५ रुपये होते. त्यातून साल्व्हेजचे २५,०२० रुपये वजा करून व पट्टी कापण्याचा ३,००० रुपये खर्च मिळवून आमचा दावा ४१,४७५ रुपयांचा आहे. पॉलिसीनुसार आम्हीच सोसायची 'एक्सेस' रक्कम आपण यातून वजा करावी. या आकड्यांत जीएसटी धरलेला नाही.

सोबत जोडलेली कागदपत्रे:
१. भरलेला व सही केलेला दावा अर्ज, पॉलिसीची प्रत आणि १३ जुलैच्या घोषणेची पोच.
२. गिरणीचे मूळ बिल व प्रत्येक रिळाचा क्रमांक आणि वजन दाखवणारी पॅकिंग स्लिप.
३. ई-वे बिल, मुदतवाढीच्या नोंदीसह.
४. शेऱ्यासह एलआरची मूळ पोचप्रत.
५. ट्रक निघतानाचा गिरणीचा फोटो, गिरणीच्या ईमेलसह.
६. फाळका उघडतानाचे, ताडपत्रीचे, तळावरच्या पाण्याचे व प्रत्येक ओल्या रिळाचे क्रमांक दिसणारे फोटो.
७. ओलीची उंची व ओलाव्याचे आकडे यांचा तक्ता, सर्व्हेअरच्या सहीसह.
८. भाड्याचे बिल.
९. साल्व्हेजसाठी आलेले तीन दर आणि रिवाइंडिंगचा दर.
१०. ट्रान्सपोर्टरला १६ जुलैला पाठवलेल्या नोटिशीची प्रत व पोस्टाची पावती.
११. रद्द केलेला धनादेश व जीएसटी नोंदणीची प्रत.

नंतर सादर होतील: नोटिशीची पोचपावती व ट्रान्सपोर्टरचे उत्तर किंवा नुकसानीचा दाखला, साल्व्हेज विक्रीची बिले व काटा पावत्या, तसेच मुद्रांकित कागदावरील हक्क-हस्तांतरण पत्र, आपला मसुदा मिळताच. पाहणीचा अहवाल सर्व्हेअर आपल्याकडे थेट पाठवतील. ओली रिळे आपल्या परवानगीशिवाय विकली जाणार नाहीत. जागेची अडचण व ओल वाढण्याचा धोका लक्षात घेऊन ती परवानगी लवकर द्यावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
(सही, शिक्का)

मुरगाव_सर्व्हे

पत्र चांगले आहे. "जोडलेली" आणि "नंतर सादर होतील" हे वेगळे ठेवलेत ते फार बरे केलेत. नसलेला कागद जोडल्याचे लिहिले की शाखेतून पहिले पत्र त्याच त्रुटीचे येते आणि तेवढे दिवस वाया जातात.

दोन दुरुस्त्या सुचवते. पाऊस पडत होता हे तुम्ही गृहीत धरले आहे. हवामान खात्याच्या पणजी केंद्राची १३ आणि १४ जुलैच्या पावसाची नोंद जोडा. ट्रक कोकणात अडकला होता, तर त्या जिल्ह्याचीही मिळवा. दुसरे म्हणजे, साल्व्हेजचे २५,०२० रुपये कसे आले ते पत्रातच दिसू द्या: १,२०० किलो १७ रुपयांनी २०,४०० आणि ३३० किलो १४ रुपयांनी ४,६२०. तपासणाऱ्याला कॅल्क्युलेटर उघडावे लागू नये.

घाटवाट

पत्रात "वापरण्यायोग्य आहे" असे स्वतःहून लिहून दिले, ते मला अजूनही पटत नाही. सोललेल्या रिळांचा कागद नंतर मशीनवर तुटू लागला तर काय करणार?

मुरगाव_सर्व्हे

प्रश्न योग्य आहे, आणि याचे पूर्ण उत्तर माझ्याकडेही नाही. सोलल्यानंतर आतला ओलावा दोन-तीन ठिकाणी मोजून तो नेहमीच्या पातळीवर आहे, याची नोंद तक्त्यात असेल तर धोका बराच कमी होतो. नंतर तुटण्याचे प्रमाण वाढलेच, तर तोपर्यंत दावा मिटलेला असू शकतो आणि तो पुन्हा उघडणे सोपे नसते. म्हणून कुंडईकरांनी पूर्ण आणि अंतिम समझोत्याच्या पावतीवर सही करण्यापूर्वी त्या तीनपैकी निदान एक रीळ मशीनवर चालवून पाहावे.

कुंडई_कार्टन

उद्या सकाळच्या पाळीत एक रीळ लावतो आणि सर्व्हेअरनाही बोलावतो. पावसाची नोंद मिळवण्यासाठी पणजीला अर्ज दिला आहे. पत्र दुरुस्त करून सोमवारी शाखेत दोन प्रतींत देईन आणि एका प्रतीवर आवक शिक्का घेईन.

वाहतूक_कायदा

आवक शिक्क्यावर तारीख आहे का ते तिथेच उभे राहून पाहा. आणि नोटिशीची पोचपावती आली नाही तर पोस्टाच्या संकेतस्थळावरून पोच झाल्याची नोंद छापून ठेवा, काही दिवसांनी ती दिसेनाशी होते.